रात्री नऊनंतर मंदावणारं इंटरनेट: खोळंबा कंपनीकडे आहे हे नोंदींनी कसं दाखवायचं

नागपुरात घरी फायबर घेतलेल्या कितीतरी जणांची तक्रार एकसारखी आहे. दुपारी चार वाजता सगळं झरझर चालतं. रात्री जेवणं उरकून टीव्ही लावला, की चित्र धूसर होतं, मग थांबतं. तक्रार केली की नेटवाल्याचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला येतो, स्पीड टेस्ट लावतो, ९४ चा आकडा दाखवतो आणि "भाऊ, बरोबर तर चालून राहिलं" म्हणून निघून जातो. तो खोटं बोलत नसतो. सकाळी अकराला ते खरोखरच बरोबर चालत असतं.

म्हणून रात्रीच्या एका चाचणीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून काही साधत नाही. एका आकड्यामागे शंभर कारणं निघू शकतात आणि ती सगळी तुमच्या घरातली ठरवता येतात. उपयोग होतो तो वेळापत्रकाचा. एकच संगणक, एकच वायर, एकच सर्व्हर, दर तासाला एक चाचणी, सलग दोन आठवडे. अशा नोंदीतून जो आकार उमटतो, त्यावरून दोष राउटरचा, वायफायचा की कंपनीच्या अपुऱ्या जोडणीचा, हे बरंचसं कळतं. ही नोंद ठेवायची कशी आणि वाचायची कशी, ते पुढे सांगतो. विंडोज संगणक आणि १०० एमबीपीएसचा प्लॅन गृहीत धरला आहे, कारण बहुतेक घरांत तेच असतं.

रात्रीच का अडतं

तुमच्या घरातल्या डबीतून निघालेली काचेची तार थेट कंपनीपर्यंत एकटी जात नाही. गल्लीतल्या खांबावर किंवा इमारतीच्या जिन्यात स्प्लिटर असतो. तिथे बरीच घरं एकाच तारेवर येतात. ती तार परिसरातल्या ओएलटी नावाच्या यंत्रात जाते, आणि त्या यंत्रातून पुढे कंपनीच्या मोठ्या जाळ्याकडे एक जोडणी निघते. खोळंबा या दोन्ही ठिकाणी होऊ शकतो, पण दोन्हीची शक्यता सारखी नसते.

हिशेब करून पाहू. जीपॉन पद्धतीच्या एका तारेवर घरांकडे येणारा वेग साधारण २,४८८ एमबीपीएस असतो आणि तो समजा ३२ घरांत वाटलेला आहे. प्रत्येक घरात एकाच वेळी दोन एचडी व्हिडिओ चालू आहेत असं धरलं आणि एका व्हिडिओला ५ एमबीपीएस धरले, तरी सगळे मिळून ३२० होतात. तार भरत नाही. आता त्या ओएलटीवर अशा बऱ्याच तारा मिळून ४०० घरं आहेत आणि पुढची जोडणी मात्र १,००० एमबीपीएसचीच आहे असं समजा. दुपारी ४० घरं व्हिडिओ बघतात, २०० एमबीपीएस लागतात आणि उरलेली जागा तुमच्या चाचणीला आरामात मिळते. रात्री साडेनऊला २५० घरं बघायला बसली, की मागणी १,२५० वर जाते. जोडणी आधीच भरलेली असते, तुमची चाचणी त्या गर्दीत उभी राहते आणि ९४ च्या जागी २० दिसतात.

घरं जोडली जातात एकेक करून, पण पुढची जोडणी वाढवायला मोठा खर्च लागतो. बेसा, बेलतरोडी, मनीषनगरकडे ज्या वेगाने इमारती उभ्या राहत आहेत, तिथे हा फरक लवकर जाणवतो. यात कोणाचं यंत्र बिघडलेलं नसतं, त्यामुळे तंत्रज्ञाला काहीच सापडत नाही. दोष असतो तो क्षमतेचा, आणि तोही दिवसातले तीन-चार तासच.

आधी घरातलं मोजमाप स्वच्छ करा

वायफायवर घेतलेली नोंद या कामाला चालत नाही. रात्री शेजाऱ्यांचेही वायफाय जोरात चालू असतात. फ्लॅटमध्ये २.४ गिगाहर्ट्झचे मोजकेच चॅनेल वीस राउटर मिळून वापरतात, आणि तुमचा वेग नेमका त्याच वेळी घटतो ज्या वेळी कंपनीचाही घटतो. दोन्ही कारणांचं घड्याळ सारखंच असल्यामुळे ती नोंद पाहून कोणालाच काही सांगता येत नाही. म्हणून राउटरच्या लॅन पोर्टमधून संगणकात वायर लावा आणि संगणकाचं वायफाय बंद करा.

वायर लावल्यावर विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्कखाली Ethernet उघडा आणि `Link speed` बघा. तिथे 1000/1000 दिसलं तर उत्तम. 100/100 दिसत असेल, तर वायरच्या आठपैकी चारच तारा जोडलेल्या असतील किंवा राउटरचा पोर्ट जुना असेल. १०० च्या प्लॅनला यातून चाचणी ९४-९५ पर्यंत जाईल, तेवढ्यावर काम भागतं. पण तुमचा प्लॅन २०० चा असेल, तर दिवसभर ९४ च दिसेल आणि कंपनीवर नाहक आळ येईल. दिवसरात्र एकाच आकड्यावर घट्ट बसलेला वेग बहुतेक वेळा असल्याच एखाद्या मर्यादेमुळे असतो. तो गर्दीचा परिणाम नव्हे.

दुसरी बाब घरच्या वापराची. चाचणी चालू असताना हॉलमध्ये टीव्हीवर मालिका चालू असेल आणि कोणाच्या मोबाइलचे फोटो वर चढत असतील, तर तेवढा वेग चाचणीतून वजा होतो. दोन आठवडे घरच्यांना नेट वापरू नका सांगणं शक्य नाही, आणि गरजही नाही. एका एचडी मालिकेने ९४ चे ८८ होतात, २० होत नाहीत. तरीही दोन-तीन रात्री घरच्यांना सांगून, चाचणीच्या त्या दोन मिनिटांपुरतं राउटरचं वायफाय बंद करा आणि त्या वेळा वहीत लिहून ठेवा. त्या रात्रींचे आकडेही तितकेच खाली असतील, तर "तुमच्याच घरात वापर जास्त आहे" या उत्तराला तुमच्याकडे पुरावा असतो.

चाचणी आपोआप लावणं

यासाठी ऊकला कंपनीचा कमांडवर चालणारा स्पीडटेस्ट प्रोग्रॅम वापरू. तो `speedtest.net/apps/cli` इथे मोफत मिळतो. झिप फाइल उतरवा, `C:\nettest` नावाचं फोल्डर बनवून त्यात `speedtest.exe` ठेवा. मग पॉवरशेल उघडून जवळच्या सर्व्हरांची यादी मागवा:

```
C:\nettest\speedtest.exe -L
```

पहिल्यांदा परवान्याला होकार मागेल, तिथे `YES` लिहा. यादीत प्रत्येक सर्व्हरपुढे एक क्रमांक असतो. त्यातले दोन निवडायचे आहेत, आणि ही निवड नीट करा. एक सर्व्हर नागपुरातला, शक्यतो तुमच्याच कंपनीचा. दुसरा दुसऱ्या कंपनीचा आणि मुंबईतला. पहिल्या चाचणीचा प्रवास कंपनीच्या जाळ्याच्या आतच संपतो, दुसरीचा जाळ्याबाहेर पडतो. कंपनीचा स्वतःचा सर्व्हर रात्रीही वेगवान आणि मुंबईचा मंद असेल, तर गर्दी कंपनीच्या बाहेर जाणाऱ्या वाटेवर आहे. दोन्ही सारखेच कोसळत असतील, तर गर्दी तुमच्या घराच्या जवळ आहे. क्रमांक न सांगता चाचणी लावली, तर प्रोग्रॅम दरवेळी स्वतःच्या मनाने सर्व्हर निवडतो, आणि मग दुपारची व रात्रीची तुलनाच करता येत नाही.

आता नोटपॅडमध्ये पुढचं लिहा. 11111 आणि 22222 च्या जागी तुमचे दोन क्रमांक घाला आणि फाइल `C:\nettest\test.ps1` या नावाने साठवा.

```
foreach ($s in 11111, 22222) {
  $t = Get-Date -Format "yyyy-MM-dd HH:mm"
  $r = & C:\nettest\speedtest.exe --accept-license --accept-gdpr -s $s -f csv
  Add-Content C:\nettest\log.csv "$t,$r"
}
```

वेळ आपण वेगळी लिहून घेतो, कारण या प्रोग्रॅमच्या सीएसव्ही ओळीत चाचणीची वेळच नसते. याचा आणखी एक फायदा आहे. चाचणी फसली तर ओळीत नुसती वेळ राहते. अशा रिकाम्या ओळी पुसू नका. त्या वेळी जोडणीच नव्हती किंवा सर्व्हरपर्यंत पोहोचता आलं नाही, एवढं त्या सांगतात.

पुढचं काम `Task Scheduler` चं. स्टार्टमध्ये `taskschd.msc` लिहून तो उघडा आणि `Create Task` निवडा. `Triggers` मध्ये Daily, सुरुवातीची वेळ 00:17, आणि `Repeat task every` मध्ये 1 hour, कालावधी 1 day. सतरा मिनिटं मुद्दाम घेतली आहेत. बरोबर तासाच्या ठोक्याला इतरांच्याही आपोआप चाचण्या आणि संगणकांची कामं सुरू होतात, आपण त्यात मिसळू नये. `Actions` मध्ये प्रोग्रॅम `powershell.exe` आणि त्याच्या Add arguments च्या चौकटीत ही ओळ:

```
-ExecutionPolicy Bypass -File C:\nettest\test.ps1
```

लॅपटॉप असेल तर `Conditions` मध्ये जाऊन फक्त चार्जिंगवर असतानाच चालवण्याची खूण काढा आणि `Wake the computer to run this task` वर खूण करा. संगणक आपणहून झोपणार नाही असं पॉवर सेटिंगही करून ठेवा. नव्याने हे करणाऱ्यांची नोंद सर्वांत जास्त इथेच फसते. आठ दिवसांनी फाइल उघडावी तर रात्री साडेअकरापासून सकाळी नऊपर्यंत एकही ओळ नसते, कारण संगणक झोपलेला होता. त्यामुळे लावल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल उघडून बघा. दर तासाला दोन ओळी हव्यात.

डेटाचाही अंदाज घ्या. १०० एमबीपीएसवर एका पूर्ण चाचणीत उतरवणं आणि चढवणं मिळून सुमारे ३०० एमबी खर्च होतात. दर तासाला दोन म्हणजे दिवसाला १४ जीबीच्या आसपास, पंधरवड्याला २०० जीबीच्या थोडं वर. महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असलेल्या प्लॅनला हे जड नाही. तुमच्या प्लॅनची मर्यादा काहीशे जीबीचीच असेल, तर दुसरा सर्व्हर फक्त संध्याकाळपुरता ठेवा. दर पाच मिनिटांना चाचणी लावण्याचा मोह मात्र टाळा. आधीच भरलेल्या जोडणीवर तुम्हीच आणखी भर घालता आणि माहितीत त्याने काही वाढत नाही.

एका घराची नोंद

मनीषनगरमधल्या एका फ्लॅटची नोंद उदाहरणादाखल उलगडून दाखवतो. चौथा मजला, १०० चा प्लॅन, वायरने जोडलेला जुना डेस्कटॉप. घरच्या काकांची तक्रार ठरलेली होती, बातम्या संपून मॅच लावली की अडतं. तंत्रज्ञ दोनदा येऊन गेला होता. "काका, पॉवर बरोबर येऊन राहिली, तुमचा राउटर जुना झाला, बदलून घ्या न," हे त्याचं म्हणणं. काका नवा राउटर घ्यायला निघालेच होते, आधी पंधरा दिवस नोंद ठेवून बघू असं ठरलं.

फाइल गूगल शीट्समध्ये उघडली की पहिल्या रकान्यात वेळ, मग सर्व्हरचं नाव, सर्व्हर क्रमांक, पिंग, जिटर, पॅकेट लॉस, डाउनलोड आणि अपलोड असा क्रम दिसतो. पुढे आणखी बरेच रकाने असतात, ते सोडून द्या. नव्या पानावर फक्त वेळ, सर्व्हर क्रमांक, पिंग, डाउनलोड आणि अपलोड अनुक्रमे A ते E मध्ये घ्या. डाउनलोडचा आकडा 11750000 असा काहीतरी दिसेल. तो सेकंदाला किती बाइट हे सांगतो. एमबीपीएससाठी १,२५,००० ने भागा, म्हणजे ९४ येतात. F रकान्यात `=HOUR(A2)` घालून खाली ओढा. मग रात्री नऊच्या तासाचा मध्यक असा काढा:

```
=MEDIAN(FILTER(D$2:D, F$2:F=21, B$2:B=11111))/125000
```

मध्यक म्हणजे त्या तासाचे सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारा. सरासरीऐवजी तो घेतला, कारण एखाद्या दिवशी वीज गेल्यानंतर लगेच झालेली एकच वाईट चाचणी सरासरी खाली ओढते, मध्यकाला तिचा फारसा फरक पडत नाही. २१ च्या जागी प्रत्येक तास घालत गेलात, की चोवीस आकड्यांचा तक्ता तयार होतो.

काकांच्या घरी नागपूरच्या सर्व्हरवर दुपारी दोन ते पाच मध्यक ९४ होता. सातला ८१, आठला ५२, नऊला २३, दहाला १९, अकराला ३८, आणि रात्री एकला परत ९३. घसरण हळूहळू होते आणि लोक झोपायला गेले की तशीच हळूहळू भरून निघते. रविवारी दुपारीही आकडा ७० च्या आसपास आला, कारण त्या दिवशी लोक घरी असतात. राउटर जुना झालेला असता, तर त्याला रविवार कळला नसता.

अपलोड मात्र चोवीस तास ९२ ते ९४ राहिला. हे मला सर्वांत बोलकं वाटतं. काचेची तार, जोड, डबी, राउटर, लॅनची वायर, दोन्ही दिशांची वाहतूक याच सगळ्यांतून जाते. त्यांच्यात बिघाड असता, तर चढवण्याचा वेग इतका ठाम राहिला नसता. लोक रात्री बघतात, पाठवत फारसं नाहीत, त्यामुळे जोडणीची येणारी बाजू भरते आणि जाणारी मोकळी राहते.

पिंगही बघा, म्हणजे सर्व्हरपर्यंत पाकीट जाऊन यायला लागलेला वेळ. दुपारी नागपूरच्या सर्व्हरपर्यंत ४ मिलिसेकंद, रात्री दहाला ४८. हा पिंग चाचणीचा भार पडण्याआधी मोजलेला असतो, म्हणजे तुमची लाइन रिकामी असतानाही पाकीट कुठेतरी रांगेत थांबून राहिलं आहे. मुंबईच्या सर्व्हरच्या पिंगची तुलना या ४ शी करू नका. प्रकाशाला काचेतून एक किलोमीटर जायला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. नागपूर ते मुंबई ८०० किलोमीटरच्या आसपास धरले, तर जाऊन येऊन ८ मिलिसेकंद केवळ अंतराचेच होतात, आणि तार सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त दिसतात. मुंबईचा दुपारचा पिंग मुंबईच्याच रात्रीच्या पिंगशी ताडून बघायचा.

मुंबईच्या सर्व्हरवरचा वेगही याच वेळापत्रकाने कोसळत होता. म्हणजे गर्दी दोन्ही वाटांच्या सामायिक भागात, घराजवळ होती. ते आणखी पक्कं करायला, वाटेतल्या प्रत्येक यंत्रापर्यंतचा वेळ ओळीने दाखवणारी ही कमांड एकदा दुपारी आणि एकदा रात्री दहाला चालवली:

```
tracert -d 8.8.8.8
```

पहिली ओळ घरच्या राउटरची, दोन्ही वेळा १ मिलिसेकंद. दुसरी ओळ कंपनीच्या पहिल्या यंत्राची, दुपारी ३ आणि रात्री ४५. त्यानंतरच्या सगळ्या ओळी रात्री तेवढ्याच वाढलेल्या. उशीर पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मधे लागत होता, म्हणजे घर ते कंपनीचं पहिलं यंत्र या टप्प्यात. इथे एक गफलत फार होते. मधल्याच एखाद्या ओळीत ९० दिसले किंवा आकड्याऐवजी `*` आले आणि पुढच्या ओळी पुन्हा कमी असतील, तर त्याचा काही अर्थ नाही. ते यंत्र अशा विचारणेला उत्तर द्यायला दुय्यम मानतं, एवढंच. वाढ शेवटपर्यंत टिकली तरच ती मोजायची.

उरला प्रश्न इमारतीच्या तारेचा की परिसराच्या जोडणीचा. दोन गल्ल्या पलीकडच्या, दुसऱ्या इमारतीतल्या आणि त्याच कंपनीच्या एका घरात वायर लावून दोन रात्री दहाच्या सुमारास चाचणी घेतली. तिथेही २० च्या आसपासच आले. वेगळी इमारत, बहुधा वेगळा स्प्लिटर, आणि तरी तीच घसरण. वरच्या हिशेबाप्रमाणे संशय ओएलटीच्या पुढच्या जोडणीवर येतो. घरी बसून याहून पुढे जाता येत नाही. त्या जोडणीचा आलेख फक्त कंपनीकडे असतो, त्यामुळे तक्रारीत "तुमची जोडणी भरली आहे" असं ठासून न लिहिता, नोंद तिकडे बोट दाखवते असं लिहावं आणि आलेख मागावा.

गर्दीसारखं दिसणारं दुसरं काही

मे महिन्यात पारा ४५ वर असताना वेग दुपारी तीन-चारला पडत असेल, तर गच्चीवरच्या किंवा पत्र्याच्या पेटीतल्या यंत्रावर, नाहीतर खिडकीत उन्हात ठेवलेल्या तुमच्याच राउटरवर संशय घ्या. डेटाची मर्यादा संपली असेल, तर वेग एका दिवशी अचानक पडतो आणि बिलाची तारीख येईपर्यंत चोवीस तास तसाच राहतो. तारेतला प्रकाश कमी पडत असेल, तर जोडणी तुटते, डबीवरचा लाल दिवा लागतो, आणि त्याला घड्याळ नसतं. तंत्रज्ञाच्या मीटरवर उणे २७ डीबीएमपेक्षा वाईट आकडा आला, तर तारेचं काम आधी करून घ्या आणि नोंद नव्याने सुरू करा. आयपीएलची मॅच साडेसातला सुरू होते. त्या दिवसांत घसरण एरवीपेक्षा लवकर सुरू होऊ शकते, म्हणून मॅचचे दिवस तक्त्यावर खूण करून ठेवा. फक्त मॅचच्या रात्रीच अडत असेल, तर तक्रार तितकी जोरकस राहत नाही.

फास्ट डॉट कॉमवर रात्रीही ९० दिसतात म्हणून गोंधळू नका. ती चाचणी नेटफ्लिक्सच्या सर्व्हरांवर चालते, आणि ते बऱ्याचदा कंपनीच्या जाळ्यातच बसवलेले असतात.

तक्रार कशी द्यायची

सातशे ओळींची फाइल कोणी वाचत नाही. एक पान बनवा. वर प्लॅन, ग्राहक क्रमांक, चाचणी वायरने घेतली हे वाक्य, दोन्ही सर्व्हरांचे क्रमांक आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते. खाली तासवार मध्यकांचा तक्ता, डाउनलोड आणि अपलोड शेजारी शेजारी. त्याखाली tracert चे दोन निकाल, दुपारचा आणि रात्रीचा. मूळ फाइल सोबत जोडा, मागितली तर हाताशी असू दे.

मागणी नेमकी असावी. "स्पीड येत नाही" असं लिहिलं, की तंत्रज्ञ सकाळी अकराला येतो आणि तक्रार बंद होते. त्याऐवजी लिहा: रात्री ८ ते ११ या वेळेत आमच्या परिसराच्या ओएलटीच्या पुढच्या जोडणीचा वापर किती टक्के आहे ते कळवा, आणि क्षमता कधी वाढवणार ते सांगा. तपासायला माणूस पाठवणार असाल तर रात्री साडेनऊनंतर पाठवा. हे विचारणं अवाजवी नाही. ट्रायच्या २००६ च्या ब्रॉडबँड दर्जाविषयक नियमांतच गर्दीच्या वेळी पुढच्या जोडण्यांचा वापर ८० टक्क्यांच्या आत असावा असा निकष होता. आता त्या नियमांची जागा २०२४ च्या नव्या नियमांनी घेतली आहे. जुना आकडा कायद्याचं कलम म्हणून तक्रारीत टाकू नका, पण जोडणीचा वापर हा दर्जाचा मापदंड आहे, हे तुमचं म्हणणं त्यावरून पक्कं होतं.

तक्रार नोंदवताना डॉकेट नंबर घ्याच. फोनवर नुसतं "हो, सांगतो" म्हणाले, तर तक्रार नोंदलीच गेलेली नसते. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे डॉकेट नंबर देऊन अपील करता येतं. त्याचा पत्ता आणि ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्र पाठवून वाट बघू नका. अपिलानंतरही काही झालं नाही, तर दूरसंचार विभागाकडे `pgportal.gov.in` वरून जाता येतं, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. गल्लीतल्या केबलवाल्याकडून जोडणी घेतली असेल, तर आधी बिलावर परवानाधारक कंपनीचं नाव कोणतं आहे ते बघा. तक्रार त्या कंपनीकडे जायला हवी.

प्लॅनच्या जाहिरातीत "१०० एमबीपीएसपर्यंत" असं लिहिलेलं असतं आणि कंपनी त्या "पर्यंत"चा आधार घेते, याची तयारी ठेवा. म्हणूनच तक्रारीचा रोख "१०० का नाही" असा ठेवू नये. दुपारी ९४ देणारी तीच लाइन रोज रात्री १९ वर का येते, हा प्रश्न धरून ठेवा. त्याला उत्तर द्यावं लागतं. एकाच परिसरातल्या तीन-चार घरांनी आपापल्या नोंदींसह स्वतंत्र डॉकेट घेतले, तर राउटर बदला हा सल्ला आपोआप मागे पडतो.

काकांच्या बाबतीत पहिल्या डॉकेटवर तक्रार सोडवली असा मेसेज आला, पण नोंद जशीच्या तशी होती. तोच तक्ता जोडून अपील केल्यावर परिसरातलं काम चालू असल्याचं उत्तर आलं आणि काही आठवड्यांनी रात्री दहाचा मध्यक ८६ वर गेला. अपलोड होता तिथेच राहिला, पिंग ६ वर आला, राउटर तोच जुना. चाचण्या चालू ठेवल्या होत्या म्हणूनच हे दिसलं. सुधारणा झाल्यावर दर तासाची गरज उरत नाही. ट्रिगर बदलून दुपारी साडेतीन आणि रात्री पावणेदहा अशा दोनच वेळा ठेवा, कारण नवी घरं जोडली जातच असतात आणि वाढवलेली जोडणीही काही महिन्यांनी पुन्हा भरू शकते.